पत्र्याची गोल टाकी: सपाट तुकड्याचं माप आणि लागणारा माल कसा काढायचा

काम असं धरू. आतला व्यास ६०० मिमी, आतली उंची ९०० मिमी, वरून उघडी, सपाट तळाची, ३ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्यातून रोल करून वेल्डिंग केलेली टाकी. पाणी भरलं तर सुमारे २५४ लिटर बसेल. प्रश्न दोन आहेत: पत्रा किती मापाचा कापायचा आणि माल किती किलो मागवायचा. दोन्हींची सूत्रं शाळेतल्या गणिताइतकी सोपी आहेत, तरीही या कामात चुका होतात. व्यास कुठला धरायचा, तळ कसा बसवायचा आणि बाजारात मिळणाऱ्या शीटमधून हे तुकडे निघतात का, या तीन गोष्टी आधी ठरलेल्या नसतात, हे त्याचं कारण. म्हणून याच क्रमाने जाऊ.

व्यास आतला, बाहेरचा की मधला

सपाट पत्रा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. जाडीच्या साधारण मध्यावर एक थर असा असतो की तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. सपाट असताना त्या थराची जी लांबी होती, तीच गोल झाल्यावर राहते. म्हणून कापायची लांबी नेहमी या मधल्या थराच्या परिघाइतकी घ्यायची.

मधला व्यास = आतला व्यास + पत्र्याची जाडी. गिऱ्हाइकाने बाहेरचा व्यास दिला असेल तर त्यातून जाडी वजा करायची. एकदाच मिळवायची किंवा एकदाच वजा करायची, दोनदा नाही.

आपल्या कामात ६०० + ३ = ६०३ मिमी. त्याला π ने, म्हणजे ३.१४१६ ने गुणलं की १८९४.४ मिमी येतात. ही बॉडीच्या पत्र्याची लांबी.

आता चुकीचा व्यास घेतला तर काय होतं ते पाहू. आतल्या व्यासावर हिशेब केला तर लांबी १८८५ येते, बाहेरच्यावर केला तर १९०३.८. म्हणजे दोन्हीकडे साधारण साडेनऊ मिलिमीटरचा फरक. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण १८८५ मिमीचा पत्रा रोल केला की मधला व्यास ६०० होतो आणि आतला ५९७. टाकी अडीच लिटरने लहान झाली, हे एक वेळ चालेल. पण तळासाठी ५९८ मिमीची चकती आधीच कापून ठेवलेली असेल तर ती आत जाणारच नाही. हा नियम कुठल्याही मापाला लागू आहे: आतला व्यास धरून कापलं की टाकीचा व्यास पत्र्याच्या एका जाडीने कमी भरतो. ३ मिमीला ३ मिमी, ८ मिमीच्या प्लेटला ८ मिमी.

याच्या तुलनेत π किती दशांशांपर्यंत घ्यावा हा वाद बिनकामाचा आहे. ३.१४ घेतलं तर १८९३.४ येतात, २२/७ घेतलं तर १८९५.१. दोघांत दोन मिलिमीटरसुद्धा फरक नाही, आणि व्यासावर तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दिसतो. काळजी करायची ती व्यासाची.

मधला थर अगदी जाडीच्या मध्यावर असतो हे मोठ्या गोलाईला खरं आहे. इथे त्रिज्या जाडीच्या शंभरपट आहे, त्यामुळे शंकाच नाही. त्रिज्या जाडीच्या चार-पाच पटच असेल, म्हणजे जाड प्लेटची अरुंद नळी करायची असेल, तेव्हा तो थर आतल्या बाजूला सरकतो आणि लांबी थोडी कमी लागते. अशा वेळी एक तुकडा रोल करून, मोजून मगच बाकीचे कापावेत.

सांध्यासाठी काय मिळवायचं

कडेला कड भिडवून वेल्डिंग करायचं असेल तर ३ मिमीच्या पत्र्यात दोन कडांमध्ये साधारण दीड मिलिमीटरची फट ठेवतात. त्या फटीमुळे परिघ तेवढा वाढतो. पण वेल्ड थंड होताना आडवा आकसतो आणि परिघ कमी होतो. पातळ पत्र्याच्या एकाच उभ्या सांध्यात या दोन गोष्टी एकमेकींना जवळपास भरून काढतात. म्हणून इथे मी काहीच मिळवत नाही आणि काहीच वजा करत नाही. १८९४ मिमीची खूण करतो.

कडेवर कड चढवून सांधा करायचा असेल तर जेवढी कड चढणार तेवढी लांबी पूर्ण मिळवावी लागते. २० मिमी चढवायची असेल तर १९१४. पातळ पत्र्याच्या डब्यांना कडा एकमेकींत अडकवून दाबलेली घडी करतात, तिथे घडीच्या रुंदीच्या तिप्पट माल जास्तीचा लागतो. ६ मिमीच्या घडीला १८ मिमी, म्हणजे दोन्ही टोकांना ९-९.

आणखी एक गोष्ट पत्रा कापण्याआधी विचारायला हवी: रोलिंग मशीन कुठलं आहे? पिरॅमिडसारख्या रचनेच्या साध्या तीन रोलच्या मशीनमध्ये पत्र्याची दोन्ही टोकं वाकत नाहीत. खालच्या दोन रोलांमधल्या अंतराच्या साधारण निम्मी पट्टी प्रत्येक टोकाला सपाट राहते. ती तशीच जोडली तर टाकी गोल न होता सांध्याजवळ टोकदार होते. याला दोन उपाय. एक, रोलिंगआधी दोन्ही टोकं प्रेसवर किंवा साच्यावर ठोकून हव्या त्रिज्येला वाकवून घ्यायची. दुसरा, दोन्ही टोकांना पत्रा जास्त ठेवायचा आणि रोल झाल्यावर सपाट भाग कापून टाकायचा. दुसऱ्या उपायात पत्र्याची लांबी सरळ दीडशे-दोनशे मिलिमीटरने वाढते, आणि पुढे दिसेल की आपल्या कामात एवढी जागाच नाही. म्हणून टोकं आधी वाकवून घ्यायची असं ठरवू. टोक चिमटीत धरणारं मशीन असेल तर सपाट राहणारा भाग जाडीच्या दीड-दोनपट इतकाच असतो, त्याची चिंता नको.

तळ कसा बसणार, त्यावर उंची ठरते

बॉडीची उंची ९०० ठेवायची की जास्त, हे तळ बसवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. सपाट तळ मुख्यतः दोन प्रकारे बसवतात.

पहिल्या प्रकारात बॉडी तळाच्या चकतीवर उभी करतात. चकती बाहेरच्या व्यासापेक्षा मोठी घेतात, म्हणजे कोपऱ्यात वेल्ड बसायला कड मिळते. दोन्हीकडे १० मिमी बाहेर काढायचं ठरवलं तर चकतीचा व्यास ६०६ + २० = ६२६ मिमी. बॉडीची उंची बरोबर ९००. हा प्रकार करायला सोपा, कारण बॉडीचा व्यास एक-दोन मिलिमीटरने इकडेतिकडे झाला तरी चकती बसतेच.

दुसऱ्या प्रकारात चकती बॉडीच्या आत घालतात आणि बॉडीची कड चकतीच्या खाली थोडी राहू देतात. ती पायासारखी जमिनीवर टेकते. इथे चकतीचा व्यास आतल्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटर कमी, म्हणजे ५९८. चहूबाजूंनी एक मिलिमीटर फट राहते, ती वेल्डला चांगली. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट झाली की एवढा पातळ पत्रा जळून भोक पडायला लागतं. बॉडीची उंची = आतली उंची ९०० + चकतीची जाडी ३ + खालची कड २०, एकूण ९२३ मिमी.

खालची कड २० का? टाकी भरली की या मापाचा आणि जाडीचा तळ पाण्याच्या वजनाने काही मिलिमीटर खाली फुगतो. तो जमिनीला टेकता कामा नये आणि खाली हवा खेळायला हवी, नाहीतर ओल साचून तळ खालूनच गंजतो. त्याच कारणाने त्या कडेला समोरासमोर दोन लहान खाचा ठेवाव्यात. आणि चकतीचं मुख्य वेल्ड टाकीच्या आतून, सलग घालावं. फक्त खालून घातलं तर आत ती एक मिलिमीटरची फट उघडी राहते आणि पाणी तिथेच मुरतं.

कुठला प्रकार चांगला? दोन्हींचं वजन जवळपास सारखंच येतं, ते पुढे काढू. निवड वजनावरून होत नाही, ती शीटवरून होते.

शीटवर मांडणी

इथेच बहुतेक हिशेब अर्धवट राहतात. तुकड्यांचं क्षेत्रफळ काढलं, जाडीने आणि घनतेने गुणलं, किलो सांगितले, संपलं. पण पत्रा किलोने नाही, शीटने मिळतो, आणि तुकडा शीटवर आडवा-उभा बसायला लागतो.

समजा २५०० × १२५० मिमीचं शीट आहे. बॉडीचा तुकडा १८९४ × ९२३. त्याची लांब बाजू शीटच्या लांबीतच बसू शकते, कारण १८९४ हे १२५० पेक्षा मोठं आहे. तो एका कोपऱ्यात ठेवला की दोन पट्ट्या उरतात. एक शेवटाला, २५०० वजा १८९४, म्हणजे ६०६ मिमी रुंद आणि १२५० लांब. दुसरी बाजूला, सुमारे ३२४ मिमी रुंद आणि १८९४ लांब.

आता तळाची चकती. बाहेर काढलेल्या कडेची ६२६ मिमीची चकती ६०६ च्या पट्टीत बसत नाही. बाजूच्या पट्टीत तर प्रश्नच नाही. म्हणजे वीस मिलिमीटरसाठी दुसरं शीट फोडावं लागणार. आत बसणारी ५९८ ची चकती मात्र त्याच पट्टीत बसते. त्यातही जागा थोडीच आहे: ६०६ मधून कापताना ज्योतीत जाणारे तीन मिलिमीटर आणि शीटची कड गुण्यात करताना जाणारे दोन-तीन मिलिमीटर वजा केले की जेमतेम ६०० राहतात. पण बसते. शिवाय १२५० मिमी लांबीत अशा दोन चकत्या निघतात, म्हणजे सपाट झाकण हवं असेल तर तेही याच शीटमधून.

म्हणून या कामात तळ आतच बसवायचा. आणि टोकं सपाट राहू नयेत म्हणून बॉडीला दीडशे मिलिमीटर जास्त ठेवले असते तर चकतीची पट्टी ४५६ ची झाली असती आणि पुन्हा दुसरं शीट लागलं असतं. टोकं आधी वाकवून घेण्याचा निर्णय त्यासाठीच होता.

शीटचं माप बदललं की सगळं उत्तर बदलतं हेही लक्षात असू द्या. फुटांच्या मापातलं ८ × ४ चं शीट २४४० × १२२० मिमी असतं. त्यात शेवटाला ५४६ मिमीचीच पट्टी राहते. कुठल्याही प्रकारची चकती निघणार नाही. टाकी तीच, किलो तेच, पण शीटं दोन. म्हणून शीटचं माप विचारल्याशिवाय “इतके किलो लागतील” हे उत्तर गिऱ्हाइकाला देऊ नये.

वजन

लोखंडी पत्र्याला एकच आकडा लक्षात ठेवला की पुरतो: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, ७.८५ किलो. तीन मिलिमीटरला २३.५५ किलो प्रति चौरस मीटर.

बॉडी: १.८९४४ मी × ०.९२३ मी = १.७४८५ चौमी. गुणिले २३.५५, म्हणजे ४१.१८ किलो.

तळ: ०.७८५४ × ०.५९८ × ०.५९८ = ०.२८०९ चौमी. गुणिले २३.५५, म्हणजे ६.६१ किलो.

एकूण ४७.७९ किलो. बाहेर कड काढलेल्या तळाचा प्रकार घेतला असता तर बॉडी ४०.१५, तळ ७.२५, एकूण ४७.४० किलो. फरक अर्ध्या किलोचाही नाही.

हे झालं तयार टाकीचं निव्वळ वजन. टाकी उचलायची, वाहून न्यायची, तिला पाय किंवा स्टँड करायचं तर हाच आकडा उपयोगाचा. माल मागवायला तो उपयोगाचा नाही.

माल मागवायला अख्खं शीट धरावं लागतं: २.५ × १.२५ × २३.५५ = ७३.६ किलो. या ७३.६ आणि ४७.८ मधले जवळपास २६ किलो कुठे गेले ते बघणं महत्त्वाचं आहे, कारण ते सगळं भंगार नाही. बाजूची ३२४ × १८९४ ची सरळ पट्टी १४.४५ किलोची आहे आणि ती दुसऱ्या कामाला येते. शेवटच्या पट्टीतली चकती काढून उरलेला ६०६ × ६४८ चा तुकडा सव्वानऊ किलोचा, तोही कामाचा. खरोखर भंगारात जातात ते चकतीभोवतीचे चार कोपरे आणि कापण्यातला माल, मिळून दोन किलोंच्या आसपास.

म्हणून एका टाकीवर किती माल टाकायचा याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. निव्वळ वजन ४७.८ किलो. बॉडीचा आयत आणि चकती ज्या चौकोनातून निघाली तो चौकोन धरला तर सुमारे ४९.८ किलो, उरलेले तुकडे पुढच्या कामात नक्की वापरले जाणार असतील तर हिशेबाला हा आकडा योग्य. आणि तसं दुसरं काम हातात नसेल तर ७३.६ किलो. मधला आकडा लावून तुकडे मात्र कोपऱ्यात पडून राहिले, तर ते चोवीसेक किलो आपल्याच खिशातून गेले. चकतीचा मात्र कधीही नुसत्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर हिशेब करू नये. चौकोनातून वर्तुळ काढलं की २१ टक्क्यांहून थोडा जास्त माल कोपऱ्यांत जातो.

धातू बदलला तर निव्वळ वजन घनतेच्या प्रमाणात बदलायचं. माइल्ड स्टीलचे ७.८५ तसे ३०४ स्टेनलेसचे ७.९३, तर अॅल्युमिनियमचे २.७. हीच टाकी स्टेनलेसमध्ये ४८.३ किलोची आणि अॅल्युमिनियममध्ये १६.४ किलोची होईल. जाडी तीच ठेवली तर मापं मात्र एका मिलिमीटरनेही बदलत नाहीत. मधला व्यास धातूचं नाव विचारत नाही.

वजनात खरी चूक कुठे होते

वेल्डचं वजन धरायचं का, असं बरेच जण विचारतात. काढून बघू. तळाचं वेल्ड १८८५ मिमी लांब, ३ मिमी पायाचं, ते ७० ग्रॅमच्या आत. उभ्या सांध्याचं ५०-६० ग्रॅम. दोन्ही मिळून सव्वाशे ग्रॅम, म्हणजे पाव टक्का. सोडून द्यावं.

जाडीचं तसं नाही. पत्रा ३ मिमीच्या ऐवजी ३.१ निघाला तर टाकी १.६ किलोने जड होते. म्हणजे जाडीतला दहावा भाग मिलिमीटर हा वेल्डच्या बारापट भारी आहे. गरम रोल केलेल्या पत्र्यात एवढा फरक सहज असतो. म्हणून वजन नेमकं हवं असेल तर मायक्रोमीटर घेऊन शीटच्या कडेला चार-पाच ठिकाणी जाडी मोजावी, कडेपासून थोडं आत, आणि सरासरी धरावी. गंजाची किंवा रोलिंगची खपली आधी खरडून काढावी, नाहीतर तीच मोजली जाते.

“१० गेजचा पत्रा” असं कुणी सांगितलं तर लगेच मिलिमीटर विचारावेत. ब्रिटिश गेजमध्ये १० म्हणजे ३.२५ मिमी, अमेरिकन स्टील गेजमध्ये ३.४२ मिमी. नुसत्या या घोळात वजन पाच टक्क्यांनी वर-खाली होतं.

पडताळा घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे अख्खं शीट काट्यावर चढवणं. २५०० × १२५० चं शीट ७३.६ च्या ऐवजी ७६ किलो भरलं तर जाडी ३.१ च्या आसपास आहे, हे मायक्रोमीटरशिवायही कळतं. त्यासाठी शीटची लांबी-रुंदी मात्र टेपने प्रत्यक्ष मोजलेली हवी, कारण कारखान्यातून येणारं शीट बहुधा लिहिलेल्या मापापेक्षा थोडं मोठंच असतं.

खुणा, कापणं आणि तपासणी

शीटच्या ज्या दोन कडा वापरायच्या त्या आधी गुण्यात आहेत का ते बघा. नसतील तर एक कड साफ करून तिच्यावरूनच सगळी मापं घ्या. १८९४ × ९२३ चा आयत आखल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते २१०७ मिमी यायला हवेत आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतके हवेत.

हे कर्ण मोजणं बरेच जण टाळतात, म्हणून त्याचा परिणाम सांगतो. समजा दोन कर्णांत ४ मिमीचा फरक आहे. म्हणजे तुकडा ९२३ मिमी उंचीत सव्वादोन मिलिमीटर कलला आहे. रोलमध्ये घालताना आपण पत्र्याची आखूड कड रोलला समांतर लावतो. गोल पूर्ण झाला की तोच कल १८९४ मिमीच्या लांबीत वाढतो आणि दोन टोकं एकमेकांना भेटतात तेव्हा तोंडाला साडेचार मिलिमीटरची पायरी दिसते. मग ती पायरी ओढून, ठोकून जुळवली जाते आणि टाकी पिळलेली राहते. सांध्याशी पायरी दिसली तर रोलिंगवाल्याला दोष देण्याआधी कर्ण आठवावेत. कलही नाही आणि पायरीही नाही, पण सांध्याची फट खाली बंद आणि वर उघडी, असं असेल तर कल नाही; तुकड्याची एक लांब कड दुसरीपेक्षा आखूड आहे, किंवा रोल समांतर नाहीत.

चकती शक्यतो बॉडीच्या आधी कापू नये. बॉडी रोल करावी, उभ्या सांध्याला टॅक मारून पूर्ण वेल्ड करावं, थंड होऊ द्यावं, आणि मग बाहेरून टेप गुंडाळून परिघ मोजावा. तो १९०४ च्या जवळ हवा. पोलादी टेपची स्वतःची जाडीही वाचनात मिसळते: ०.२ मिमी जाडीचा टेप परिघ ०.६ मिमी जास्त दाखवतो. एवढा फरक इथे सोडता येतो, पण मोठ्या नेमक्या कामात वजा करावा.

मिळालेल्या परिघाला π ने भागलं की बाहेरचा व्यास, त्यातून दोन जाड्या वजा केल्या की आतला. समजा परिघ १९०० भरला. बाहेरचा व्यास ६०४.८, आतला ५९८.८. अशा वेळी ५९८ ची चकती घुसेल, पण सांधायला जवळजवळ फटच राहणार नाही. मग चकती ५९७ ची कापावी. बॉडी आधी, चकती नंतर, हा क्रम पाळला तर हा निर्णय हातात राहतो. शीटवरची ६०६ ची पट्टी तोपर्यंत तशीच बाजूला ठेवायची.

इथे एक फरक नीट ओळखायला हवा. टेपने परिघ बरोबर येतो, पण आत चकती अडकते. म्हणजे माप चुकलेलं नाही, टाकी लंबगोल झाली आहे. आतून चार दिशांना व्यास मोजा. एका दिशेने ६०६ आणि तिच्या आडव्या दिशेने ५९४ असेल तर पत्रा कमी-जास्त नाही, फक्त आकार बिघडला आहे. बॉडी पुन्हा रोलमध्ये फिरवली किंवा आतून जॅक लावला की सुधारते. परिघच कमी असेल तर मात्र जॅक लावून उपयोग नाही. पट्टी घालावी लागेल किंवा चकती लहान करावी लागेल. चकती घासून बसवण्याआधी हे दोन प्रकार वेगळे करा, कारण लंबगोल बॉडीसाठी चकती घासली की मग ती गोल केलेल्या बॉडीत सैल पडते.

चकतीला मध्यावर पंच मारून २९९ मिमी त्रिज्येने कंपास फिरवावा. गॅसने किंवा प्लाझ्माने कापताना ज्योतीची निम्मी रुंदी रेषेच्या बाहेर ठेवावी, नाहीतर चकती तीनेक मिलिमीटरने लहान होते आणि फट अडीच मिलिमीटरवर जाते. वेल्ड करताना आधी समोरासमोर टॅक, मग लहान टप्प्यांत एकदा इकडे, एकदा पलीकडे. एका बाजूने सलग गेलं की तळ डब्याच्या झाकणासारखा टिकटिक आत-बाहेर व्हायला लागतो.

सांधा नसलेलं भांडं असेल तर

हे सगळं रोल करून जोडलेल्या टाकीचं झालं. प्रेसमध्ये एकाच चकतीतून खोल ओढून केलेल्या भांड्याचा हिशेब वेगळा आहे. तिथे जाडी साधारण तीच राहते असं धरून चकतीचं क्षेत्रफळ तयार भांड्याच्या क्षेत्रफळाइतकं ठेवतात. तळ आणि भिंत मिळून चकतीचा व्यास येतो: व्यासाचा वर्ग अधिक चार गुणिले व्यास गुणिले उंची, आणि या बेरजेचं वर्गमूळ. २०० मिमी व्यास, १०० मिमी उंचीच्या भांड्याला ३४६ मिमीची चकती, आणि वर काठ कापण्यासाठी थोडी जास्त.

चकतीचा व्यास भांड्याच्या व्यासाच्या साधारण दुपटीपेक्षा कमी असेल तोवरच ते एका ओढीत निघतं. या उदाहरणात गुणोत्तर १.७३ आहे, म्हणून निघेल. आपली ६०० × ९०० ची टाकी याच सूत्रात घातली तर १५८७ मिमीची चकती लागते, गुणोत्तर २.६ पेक्षा जास्त. एका ओढीत पत्रा तळाच्या गोलाईपाशी फाटेल. आणि १५८७ मिमीची चकती १२५० रुंदीच्या शीटमधून निघतच नाही.